सूतगिरणीत परत जॉइन व्हायचं आहे, पण "पूर्ण फिट असाल तरच या" म्हणतात. काय करू?

प्रश्न: ताई, माझं उजव्या बाजूचं ब्रेस्टचं ऑपरेशन झालं, मग केमो, मग रेडिएशनचा शेक. शेक संपून दोन महिने झाले. मी सूतगिरणीत वाइंडिंगले आहे, नऊ वर्षं झाले, पगार 12,600. टाइम ऑफिसवाले म्हणतात पूर्ण फिट असल्याचं सर्टिफिकेट आणा नाहीतर नाव कमी करू. हात अजून जड वाटते, बोटं बधिर आहेत. घरी तीन एकर कोरडवाहू, फायनान्सची किस्त महिन्याले 2,150 आणि बचत गटाचं वेगळं. सोमवारी जाऊ का नको? आणि त्यांना सांगू तरी काय?

उत्तर:

ताई, सोमवारी गिरणीत जाऊ नका, सोमवारी आधी ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या ऑफिसात जा. टाइम ऑफिसला फक्त एवढा निरोप द्या की सर्टिफिकेट बनवणं चालू आहे, आठवडाभरात घेऊन येते. हा निरोप तोंडी नको, दोन ओळींचा कागद द्या आणि त्याच्या झेरॉक्सवर आवक शिक्का घ्या. मी कॅन्सर विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून बरीच वर्षं काढलीत, यवतमाळ वर्धा अमरावतीकडच्या कितीतरी बाया-माणसं परत कामावर जाताना पाहिलीत, आणि त्यातले बरेचजण हाताने किंवा पायाने नाही तर कागदाने अडकलेले पाहिले, म्हणून कागदापासूनच सुरू करते.

तुमची पगाराची स्लिप काढा. त्यात ईएसआय म्हणून कपात दिसते का पाहा, 12,600 वर 0.75 टक्के म्हणजे 95 रुपयांच्या आसपास असेल. ती कपात होत असेल तर तुम्ही विमाधारक आहात, आणि आजारपणात घरी बसल्याचे पैसे तुम्हाला गिरणी नाही, ईएसआय देते. साध्या आजारात रोजच्या सरासरी पगाराच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. पण कॅन्सर त्यांच्या लांब चालणाऱ्या आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे ते 91 दिवस संपले की पुढे 80 टक्क्यांनी वाढीव आजार लाभ मिळतो, आणखी 309 दिवस, आणि केस तशी असेल तर एकूण दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. अट अशी की आजार सुरू झाला तेव्हा सलग दोन वर्षं नोकरी झालेली पाहिजे आणि त्यात मागच्या चार सहामाहींत मिळून 156 दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. तुमची नऊ वर्षं झाली म्हणता, म्हणजे ही अट बहुतेक बसतेच.

आता हिशोब बघा, कारण "पैशासाठी लवकर जॉइन होते" हे वाक्य मी रोज ऐकते आणि पुष्कळदा हिशोब उलटा निघतो. 12,600 म्हणजे दिवसाला 420. त्याचे 80 टक्के 336, तीस दिवसांचे 10,080. आणि तुम्ही आत्ता जॉइन झालात, हात साथ देत नाही म्हणून आठवड्यात एक दिवस बिनपगारी घरी राहिलात, तर चार दिवसांचे 1,680 गेले, राहिले 10,920, त्यातून पीएफचे 1,310 आणि ईएसआयचे 82 कापले की हातात 9,528. वर जाण्यायेण्याचं भाडं. म्हणजे अर्धवट बरं होऊन कामावर गेलात तर हातात उलट कमी येतात. पीएफ तुमचाच आहे, तो बुडत नाही हे खरं, पण या महिन्याची किस्त त्यातून भरता येत नाही ना.

अडचण कुठे होते सांगते. तुमचे उपचार बहुतेक महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झाले असतील, म्हणजे ईएसआयच्या बाहेरच्या हॉस्पिटलात. मग आजारपणाचे दाखले ईएसआयच्या दवाखान्यातून कुणी घेतलेच नसतात आणि लाभ मिळायचा राहून जातो. तसं झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोट, केमोचं सगळं चार्टिंग, शेकाचं कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, सगळ्यांच्या दोन दोन झेरॉक्स घ्या, आधी ईएसआय दवाखान्याच्या डॉक्टरला दाखवा आणि मग शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या की या तारखेपासून या तारखेपर्यंत मी उपचारावर होते, बाहेर उपचार घेतले म्हणून दाखले वेळेवर आले नाहीत. बाहेरच्या हॉस्पिटलचे कागद पर्यायी पुरावा म्हणून घेता येतात, तो निर्णय शाखेचा असतो. खिडकीवरचा माणूस "आता होत नाही" म्हणाला तर हात जोडून म्हणा, साहेब हेच लिहून द्या. लेखी नकार मागितला की पुष्कळदा फाइल आत जाते.

आणि फायनल सर्टिफिकेट, म्हणजे "आता कामाला योग्य", हे घाईने घेऊ नका. ते घेतलं की लाभ त्या दिवशी थांबतो. नंतर पंधरा-वीस दिवसांनी हात सुजला आणि परत घरी बसावं लागलं तर नव्या आजारपणासाठी मागच्या सहामाहीत 78 दिवस वर्गणी भरली का हे बघतात, आणि तुम्ही तर सुट्टीवर होता, वर्गणी कुठून येणार. म्हणून आपले किती दिवस शिल्लक आहेत हे शाखेत विचारून, तो आकडा कागदावर लिहून घेऊन मगच जॉइनिंगची तारीख ठरवा. "नाव कमी करू" म्हणतात त्याबद्दल, ईएसआयचा आजार लाभ चालू असताना त्या कारणाने कामावरून काढता येत नाही, कायद्यात तशी स्पष्ट मनाई आहे. भांडायला जाऊ नका, पण हे माहीत असू द्या.

(जिनिंगमधल्या बाया हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. नुसतं जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना हंगामी धरतात आणि तो ईएसआयच्या बाहेर असतो, त्यामुळे तिथे हे वरचं काही लागू होत नाही. गिरणी, ऑइल मिल असं बारमाही काम असलं तर स्लिप पाहा.)

आता सर्टिफिकेट. टाइम ऑफिस "पूर्ण फिट" मागते आणि डॉक्टर घाईत दोनपैकी एक लिहून देतात. एक तर "फिट टू जॉइन ड्युटी", म्हणजे गिरणीच्या दृष्टीने तुम्ही शंभर टक्के बऱ्या, उद्या पेटी उचलायला लावली तर तुम्हाला बोलायला जागा नाही. नाहीतर "लाइट ड्युटी ॲडव्हाइज्ड". हे दुसरं ऐकायला चांगलं वाटतं पण यानेच जास्त नुकसान होतं. आमच्याकडे एक बाई होत्या, दुसऱ्या एका गिरणीतल्या, त्यांनी असंच लाइट ड्युटीचं नेऊन दिलं. मॅनेजर म्हणाले, बाई माझ्याकडे हलकं काम कुठून आणू, गिरणीत सगळं कामच आहे. त्यांचं तसं चूक नव्हतं, कारण हलकं म्हणजे काय ते कागदावर कुठेच नव्हतं. बाई दीड महिना घरी. मग आम्ही त्यांच्याकडून त्यांचा एक दिवस ऐकला, पाळी लागल्यापासून सुटेपर्यंत हात कुठे कुठे जातो, आणि त्यावरून डॉक्टरकडून नवीन दाखला लिहून घेतला. त्यात आजाराचं एक वाक्य होतं, बाकी सगळं कामाचं. मॅनेजरने तोच कागद सुपरवायझरला दिला आणि त्या आठवड्यात त्यांना कोन चेकिंगला घेतलं.

तर तुम्हीही डॉक्टरकडे जाण्याआधी तुमचा दिवस लिहून काढा. वाइंडिंगमध्ये मशीनच्या लांबीभर चालायचं, कॉप्स भरायचे, भरलेला कोन काढायचा, तो दोनेक किलोचा असतो, रिकामे कोन वरच्या रॅकवरून घ्यायचे, कॉप्सची पेटी ओढायची. यात एक कोन उचलणं हा प्रॉब्लेम नाही. तोच कोन उजव्या हाताने पाळीभर शेकडो वेळा काढणं, हात खांद्याच्या वर नेणं आणि पेटीला झटका देऊन ओढणं, या तीन गोष्टी तुमच्या हाताला सध्या भारी आहेत. डॉक्टर गिरणी पाहायला येणार नाहीत, त्यांना हे तुम्हीच सांगायचं.

हात जड का वाटतो ते पण थोडं समजून घ्या. काखेतल्या गाठी काढल्या आणि वरून शेक दिला की हातातलं पाणी परत वर जायची वाट अरुंद होते, आणि हाताने जास्त काम केलं किंवा उष्णता लागली की ते साचतं. सूतगिरणीत धागा तुटू नये म्हणून दमट ठेवतात, आपल्याकडचा एप्रिल-मे आणि वरून ते दमट, म्हणजे दुहेरी त्रास, आणि रोजची टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असेल तर अंगातून वाफा येतात ते वेगळं. सूज आली की नाही हे अंदाजाने ठरवू नका. शिंप्याचा टेप घ्या, दोन्ही हातांवर कोपराच्या 10 सेंटिमीटर वर आणि 10 सेंटिमीटर खाली पेनाने खूण करा, दर रविवारी सकाळी दोन्ही हात मोजा आणि वहीत लिहा. दोन हातांत 2 सेंटिमीटरचा फरक आला किंवा आधीपेक्षा वाढत चालला तर फिजिओथेरपीला दाखवा. टेपच्या आधी कित्येकदा बांगडी सांगते, संध्याकाळी उजव्या हातातली बांगडी फिरत नसेल आणि सकाळी फिरत असेल तर दिवसभराचं काम हाताला जास्त होतंय. कामावर जाताना कॉम्प्रेशन स्लीव्ह घाला, मापाचीच घ्या, आणि दोन ठेवा म्हणजे एक धुता येते.

पण म्हणून "आयुष्यभर त्या हाताने काहीच उचलू नको" हा जो सल्ला आजूबाजूचे देतात तो धरू नका. हात न वापरल्याने खांदा आखडतो, ताकद जाते, आणि मग थोडं वजनसुद्धा जास्त होतं. वजन हळूहळू वाढवायचं, फिजिओथेरपिस्टला विचारून, आणि भिंतीवर बोटं चालवत हात वर नेण्याचा व्यायाम रोज. म्हणूनच दाखल्यात "कायमचं" असं काही लिहून घेऊ नका, "सहा आठवडे, नंतर पुन्हा तपासणी" असं घ्या. तारीख असली की गिरणीलाही देताना जड जात नाही.

बोटं बधिर आहेत ते केमोमधल्या काही औषधांमुळे होतं, महिनोन्‌महिने लागतात कमी व्हायला, काहींचं थोडं राहून जातं. याचा कामाशी संबंध असा की रिंगफ्रेमला तुटलेला धागा बोटांनीच जोडावा लागतो, तिथे सध्या जाऊ नका, पाठवत असतील तर हे कारण सांगा. आणि बधिर बोटाला चिरलेलं-भाजलेलं कळत नाही, त्यामुळे चालू मशीनजवळ जास्त जपायचं. डॉक्टरला हे आवर्जून सांगा, बाया हाताचं सांगतात आणि बोटांचं राहून जातं.

मग गिरणीत मागायचं काय? तुमच्याच गिरणीत असलेलं काम मागा, नवीन बनवायला सांगू नका. कोन चेकिंग, म्हणजे जांभळ्या दिव्याखाली कोन फिरवून रंगाचा फरक, डाग बघणं, हे बसून होतं, कोन टेबलावर येतात. पिशवी घालणं, लेबल लावणं पण चालेल. पोती शिवणं-उचलणं नको. आधी तुमच्या सुपरवायझरशी बोला, टाइम ऑफिसशी नाही, कारण तिथे कोणाची जागा रिकामी आहे, कोणती बाई वाइंडिंगला यायला तयार आहे हे सुपरवायझरला माहीत असतं. अदलाबदलीचं नाव तुम्हीच घेऊन गेलात तर अर्धं काम झालं. तो हो म्हणाला की मग अर्ज. मी असा लिहायला सांगते:

"मी वाइंडिंग खात्यात नऊ वर्षांपासून काम करते. उपचार पूर्ण झाले असून दि. ____ पासून कामावर हजर होऊ इच्छिते. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दाखल्याप्रमाणे पहिले सहा आठवडे मला पुढीलप्रमाणे काम द्यावे ही विनंती. उजव्या हाताने 3 किलोपेक्षा जास्त वजन उचलणे व पेटी ओढणे नको. हात खांद्याच्या वर न्यावा लागेल असे काम नको. दर दोन तासांनी 10 मिनिटे बसण्याची मुभा. फक्त पहिली पाळी. दि. ____ व दि. ____ रोजी तपासणीसाठी सुट्टी. कोन चेकिंगमध्ये मी पूर्ण पाळी काम करू शकते. सहा आठवड्यांनी नवीन दाखला सादर करीन."

3 किलो हा आकडा मी उदाहरणाला टाकला, तुमचा आकडा डॉक्टर आणि फिजिओ हात बघून देतील, अर्जात आणि दाखल्यात तोच एक आकडा असू द्या. एवढंच. "गरीब आहे, दया करावी" यातलं काही लिहू नका. नऊ वर्षं काम केलेली बाई आहात तुम्ही, काम मागताय. "मी पूर्ण पाळी काम करू शकते" हे वाक्य मात्र काढू नका, मॅनेजरला नेमकं तेच वाचायचं असतं. तपासणीच्या तारखा पण आधीच द्या, पहिली दोन-तीन वर्षं साधारण तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात, म्हणजे वर्षातून मोजके दिवस. ते आधी सांगितले की "ही आता सारखी सुट्ट्या घेईल" ही भीती जाते.

ते दोन गोष्टी म्हणतील. एक, पगार कमी करतो. खातं बदललं म्हणून पगार कमी होणार असेल तर किती आणि किती दिवसांसाठी ते लेखी घ्या, आणि सहा आठवड्यांनंतर मूळ पगार परत हे त्यात लिहून घ्या. कायमची सही करू नका. आणि राजीनाम्यावर तर कुठल्याच परिस्थितीत नाही, "आत्ता राजीनामा दे, बरी झाली की नवीन भरती करू" असं गोड बोलून घेतात आणि नऊ वर्षांची ग्रॅच्युइटीची सलगता त्यात तुटते. दुसरं म्हणतील, बाकीच्या बाया कुरकुर करतात. त्याला उत्तर, सहा आठवडे.

कायद्याचं खरं ते सांगते म्हणजे खोट्या भरवशावर जाणार नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे, त्यात 21 प्रकार आहेत, त्यात कॅन्सर हा आजार म्हणून नाही. हात किंवा खांदा कायमचा अधू झाला तर त्याची तपासणी करून जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं, पण उपचार संपल्या संपल्या ते होत नाही. आणि कामाच्या ठिकाणी सोयी देण्याची थेट सक्ती त्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर टाकली आहे. तुमची बहीण कुणी जिल्हा परिषदेत असती तर तिचं पारडं जड असतं. तुमच्याकडे दाखला, तुमची नऊ वर्षं आणि तो सुपरवायझर आहे, म्हणून अर्ज नेमका पाहिजे.

आता किस्त. फायनान्सची 2,150 आणि बचत गट, यात आधी फायनान्सच्या शाखेत जा, गावात येणाऱ्या वसुलीवाल्याशी बोलून काही होत नाही, त्याच्या हातात काही नसतं. डिस्चार्ज कार्ड जोडून लेखी मागा, तीन महिने किस्त अर्धी करा आणि मुदत वाढवा. व्याज किती वाढेल ते विचारून लिहून घ्या. मिळेलच असं नाही, पण किस्त बुडायच्या आधी गेलं तर ऐकतात, बुडाल्यावर ऐकत नाहीत. सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर वसुलीला फोन करणं किंवा दारात येणं रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही, तसं कुणी करत असेल तर शाखेत तक्रार द्या. बचत गटात मात्र उघड सांगा, बैठकीत ठराव करून घ्या, आपल्या बाया आहेत. ही किस्त भरायला सावकाराकडे जाऊ नका, आणि या हंगामाचं बियाणं-खताचे पैसे पण यात घालू नका.

पीएफ पूर्ण काढायचा विचार असेल तर थांबा. आजारपणासाठी उचल मिळते, ऑनलाइन फॉर्म 31 भरून, नोकरी न सोडता. आधी पीएफच्या यूएएन नंबरला आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का बघा, नावात एक अक्षर वेगळं असलं तरी अडकतं. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सर आहे, महिन्याला 1,500, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत लागतं, तुमचा पगार बघता तहसीलच्या चकरा त्यासाठी मारू नका. प्रवासाचं मात्र सोडू नका. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच. रेल्वेत तपासणीला जाताना कॅन्सर पेशंटला स्लीपरचं भाडं माफ आहे आणि सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सूट, त्यासाठी हॉस्पिटलकडून रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातला दाखला घेऊन रिझर्व्हेशनच्या खिडकीवर द्यायचा.

जॉइन झाल्यावर एक लक्षण असं की त्यात पाळी संपायची वाट बघायची नाही. उजवा हात एकदम लाल झाला, गरम लागला, सोबत थंडी-ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असतो, त्याच दिवशी दवाखाना, अँटिबायोटिक लागतं. मालिश, लेप, गरम पाण्याचा शेक काही करू नका. नुसता थकवा आला तर घाबरू नका, शेक संपल्यावर काही महिने तो राहतो, पण दुपारी बसल्या बसल्या धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

ईएसआयच्या शाखेत काय आकडा सांगितला तो आणि डॉक्टरने दिलेला दाखला, दोन्ही हाती आले की इथेच टाका, नाव-नंबर झाकून. अर्जातल्या तारखा त्यावरून बसवून देते.